हिशेबात खोटं कशाला?

संध्याकाळचे साडेपाच वाजले होते आणि डबा पिशवीत गेला होता. तेवढ्यात हिशेब सांभाळणारे आमचे काका टेबलाशी येऊन उभे राहिले. "पाच मिनिटांचं काम आहे. उधारीची शीट चेन्नईच्या हेड ऑफिसला पाठवायचीय. मथळे इंग्रजीत करून दे आणि हा फॉर्म्युला काय म्हणतो ते जरा मराठीत सांग."

काकांची पाच मिनिटं पंचांगात सापडत नाहीत.

"मागील बाकी" या रकान्यात फॉर्म्युला होता तो असा:

```
=VLOOKUP(A2,'यादी'!A:C,3,TRUE)
```

मी म्हटलं, "काका, लग्नात आहेराची वही असते ना, तसंच आहे हे. पहिल्या रकान्यात नाव, दुसऱ्यात गाव, तिसऱ्यात रक्कम. तुम्ही पोराला सांगता, हे नाव शोध, या वहीत शोध, सापडलं की त्याच ओळीतला तिसरा रकाना वाचून दाखव. इथे नावाऐवजी खातं क्रमांक, आणि वही म्हणजे 'यादी' ही शीट. पोरगं शोधतं मात्र पहिल्याच रकान्यात."

काकांना वही पटली. "आणि शेवटचं ते ट्रू?"

"तिथे फॉल्स हवं. कोणी बदललं?"

"मीच," काका ताठ झाले. "फॉल्स म्हणजे खोटं. पस्तीस वर्षं हिशेब लिहितोय, खोटं कधी लिहिलं नाही. ट्रू केलं."

आता काय बोलावं? तिथे प्रश्न खऱ्याखोट्याचा नसून 'जवळपासचं चालेल का?' असा आहे. ट्रू म्हणजे चालेल, फॉल्स म्हणजे तंतोतंतच हवं. खातं क्रमांक 1047 पाहा. हे गिऱ्हाईक यंदाच्या एप्रिलमध्ये आलेलं, त्यामुळे मागच्या वर्षीच्या यादीत त्याचं नाव असणंच शक्य नाही. पण ट्रू असल्यामुळे पोरगं 1047 सापडेना म्हणून त्याच्या अलीकडच्या 1045 पाशी थांबलं आणि त्याची 18,500 ची बाकी बिनबोभाट या नव्या माणसाच्या गळ्यात घालून मोकळं झालं. हे यादी चढत्या क्रमात आहे म्हणून. क्रम विसकटलेला असता तर कोणाचं उसनं कोणाच्या नावावर गेलं असतं, देव जाणे. चूक झाल्याची खूण मात्र कुठेच नाही. आकडा कसा, इस्त्री केलेला!

फॉल्स टाकल्याबरोबर 1047 समोर #N/A उमटलं. काका दचकले, "बिघडलं की!"

"बिघडलं नाही. पोरगं म्हणतंय, हे खातं वहीत नाही."

"म्हणजे खोटं लिहिलं की खरं बोलतंय," काका पुटपुटले. सवलतीचे टप्पे शोधायला ट्रू कामाला येतं, हे सांगायचा मोह मी आवरला. सात वाजत आले होते.

मग मथळे. काकांच्या कॉलेजातल्या भाच्यानं ते आधीच 'करून' दिले होते. 'नावे'ला नेम्स. 'जमा'ला गॅदर्ड. 'येणे'ला कमिंग. आणि 'खा. पा.' या खातेपानाच्या संक्षेपाला ईट ड्रिंक! चेन्नईवाल्यांना वाटलं असतं, आम्ही दर व्यवहाराला जेवणाची नोंद ठेवतो. मी नावेचं डेबिट केलं, जमाचं क्रेडिट, येणेचं रिसीव्हेबल, आणि खातेपानाचं लेजर फोलिओ. 'मागील बाकी'ला ओपनिंग बॅलन्स लिहिलं तेव्हा काका अडले.

"मागील म्हणजे मागचं. यात उघडायचं काय आहे?"

"गेल्या वर्षी वही मिटताना जी बाकी होती, तिच्यावरच यंदाची वही उघडते ना?"

"मग मिटलेली बाकी म्हण!"

हा वाद साडेसातपर्यंत चालला. मी जिंकलो, पण बस गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांचा फोन. "अरे, मागील बाकीत माणसं उभी आहेत!"

पाहिलं तर खरंच, रकान्यात आकडे नाहीत, गिऱ्हाइकांची नावं, तीही इंग्रजीत. चेन्नईला मराठी वाचता येणार नाही म्हणून काकांनी रात्री 'यादी'त नाव आणि बाकी यांच्या मध्ये इंग्रजी नावांचा एक नवा रकाना घुसवला होता. बाकी सरकली चौथ्यावर. शीटनं A:C चं आपणहून A:D करून घेतलं, पण फॉर्म्युल्यातला 3 हा आपण हातानं लिहिलेला आकडा, तो जागचा हलला नाही. पोरगं इमानानं तिसराच रकाना वाचत होतं. बेरजेला शब्द दिसतच नाहीत, पण 1047 समोरचं #N/A दिसतं, त्यामुळे खाली मागील बाकीच्या एकूणातही #N/A.

मी फोनवर सांगितलं, "तीनचा चार करा आणि शेवटपर्यंत ओढा."

"करतो," काका म्हणाले. मग जरा थांबून, "पण भाच्याचं नेम्स या रकान्याला अगदी चपखल बसलं असतं हं."