अहो, तो आकडा नाही, कोड आहे कोड!

रविवारी दादरच्या हॉलवर दारात उभं राहून ज्यांनी शिव्या खाल्ल्या, त्यांनाच हे कळेल. नोंदणी केलेली, पैसे भरलेली माणसं क्यूआर दाखवतायत आणि लॅपटॉप लाल होऊन म्हणतोय ‘अवैध’. मागे रांग जिन्यापर्यंत. आणि आमचे कार्यवाह काका माझ्याकडे बघून, "अगं, तुझं ते फॉर्म्युल्याचं काहीतरी बिघडलंय."

फॉर्म्युल्याचं? काका, नोंदणीची सीएसव्ही फाइल डबलक्लिक करून उघडली कोणी? उघडून वर सेव्ह कोणी केली? त्या क्षणी एक्सेलने `00417` चं 417 केलं. पुढची शून्यं गेली ती गेलीच. दारावरच्या शीटमध्ये स्कॅनचा रकाना मी आधीच टेक्स्ट करून ठेवला होता, तिथे `00417` जसाच्या तसा येतोय. MATCH ला मजकूर आणि आकडा या दोन वेगळ्या जाती वाटतात, तो म्हणणारच की यादीत नाही!

बरं, मूळ फाइल ईमेलमधून पुन्हा उतरवली, डेटा मेनूतून आणली, रकाना टेक्स्ट केला. अवैधचं नाटक संपलं. वाटलं, आता चहा घ्यावा. तेवढ्यात एक आजी आल्या, पार्ल्याहून, काठी टेकत. कोड `70E40`. शीट म्हणतं ‘दुबार’. दारावरचा कॉलेजकुमार त्यांना सांगतोय, "आजी, तुमचा पास आधीच वापरलाय." आजी म्हणाल्या, "मी आत्ताच तर टॅक्सीतून उतरले रे." त्याला वाटलं आजी खोटं बोलतायत. आजी!

फॉर्म्युला हा होता, गेल्या वर्षीपासून चालत आलेला:

```
=IF(ISNA(MATCH(A2,Yadi!A:A,0)),"अवैध",
 IF(COUNTIF(A$2:A2,A2)>1,"दुबार","ठीक"))
```

वरून खाली मोजत यायचं, तोच कोड दुसऱ्यांदा दिसला की दुबार. दिसायला बरोबर. पण COUNTIF महा आगाऊ. टेक्स्ट असो नाहीतर काही असो, आकड्यासारखं दिसलं की तो आकडाच समजतो. `E` दिसला की दहाचा घात. आजींच्या आधी कोणीतरी `07E41` घेऊन आत गेलं होतं. सात गुणिले दहाचा ४१वा घात. आजींचा सत्तर गुणिले दहाचा ४०वा घात. गणित करा, दोन्ही एकच! MATCH ला दोघं वेगळे दिसतात, COUNTIF ला जुळी भावंडं. म्हणजे एकाच ओळीत दोन फंक्शन्स आणि दोघांचं एकमेकांशी पटत नाही, अगदी आमच्या कार्यकारिणीसारखं.

उपाय एवढाच की COUNTIF च्या जागी हे घाला, अक्षराला अक्षर ताडून बघतं:

```
SUMPRODUCT(--EXACT(A$2:A2,A2))>1
```

हे मी दारात उभी राहून, हातात बटाटेवड्याचं पाकीट घेऊन, कार्यवाहांना समजावत होते. आवाज एवढा चढला होता की आतल्या निवेदिकेने माइकवरून "कृपया शांतता राखा" म्हटलं. आजी मात्र मन लावून ऐकत होत्या. "दहाचा घात, हो हो," म्हणाल्या. निवृत्त गणिताच्या बाई निघाल्या. अख्ख्या दारात त्या एकट्यांनाच कळलं.

आणि विषय निघालाच आहे तर, VLOOKUP च्या शेवटी FALSE न लिहिणारे लोक कोण आहेत? गेल्या वर्षी यादीत नसलेल्या कोडलासुद्धा कुणा भलत्याचं नाव येत होतं आणि सगळे खूश, ‘बघा, सापडलं!’ आणि दोन दारांच्या फाइली एकाखाली एक चिकटवून, वेळेनुसार न लावता, ‘पहिला स्कॅन खरा’ म्हणणारे? पहिला म्हणजे कुठला? वर चिकटवलेल्या दाराचा! साडेपाचला आलेला माणूस दुबार ठरतो आणि त्याचा पास घेऊन सातला घुसलेला ‘ठीक’. तीन सेकंदांत दोनदा बीप झालेलाही दुबार आणि तासाभराने दुसऱ्या दारातून आलेलाही दुबार. अरे, वेळेचा रकाना शोभेला ठेवलाय का?

काल बैठक झाली. ठराव: पुढच्या वेळी कोडमध्ये अक्षरंच नकोत, ती `E` ची भानगडच नको. काकांनी स्वतः सुचवलं, सरळ १८ आकडी नंबर देऊ, कोणाला अंदाजाने बनवता यायचा नाही. टाळ्या पडल्या. एक्सेल १५ आकड्यांच्या पुढचे सगळे शून्य करतं आणि COUNTIF तर टेक्स्ट असला तरी पहिले १५ च बघतो, हे मी सांगायला तोंड उघडलं, तर काका म्हणाले, "पुढचा विषय, जेवणाचं कंत्राट."