काउंटरवरचा मुलगा, कूपनची पेटी आणि मिरजेचे पाच गठ्ठे

वाचकाची प्रतिक्रिया: "लेख वाचला. काउंटरवर कधी उभा न राहिलेल्या माणसाने लिहिलाय हे पहिल्या परिच्छेदातच कळतं. कूपन कोड काउंटरवरचा पोरगा वाट्टेल तो मारतो, त्यामुळे तुमचे आकडे कचरा. शिवाय कूपन घेऊन येणारं गिऱ्हाईक तसंही येणारच होतं. क्यूआर आणि जाहिरातीगणिक वेगळा फोन नंबर ही पुण्या-मुंबईच्या एजन्सीवाल्यांची थेरं. आमच्याकडे आजोबांपासून गिऱ्हाइकाला 'कुठून कळलं' विचारून वहीत लिहितात, तेवढं पुरतं. दुकानदारांना आकड्यांची भुरळ घालू नका."

नमस्कार.

दुकानाच्या कुठल्या जाहिरातीमुळे गिऱ्हाईक आलं हे कूपन, क्यूआर आणि वेगळ्या फोन नंबरने कसं मोजायचं, यावरच्या माझ्या लेखावर तुमची ही प्रतिक्रिया आली. उत्तर द्यायला दोन दिवस लावले, कारण तुमचं दुसरंच वाक्य मला लागलं. माझ्या वडिलांचं सांगलीत भांड्यांचं दुकान होतं. सातवीपासून मी तिथे पितळ तोललं आहे, डब्यांचे सेट मोजून दिले आहेत आणि धनत्रयोदशीच्या संध्याकाळी तीन-तीन बिलं एकदम तोंडी बेरीज करून सांगितली आहेत. लेखात चूक असेल तर ती जरूर दाखवा. पण माणूस कुठे उभा होता आणि कुठे नव्हता हे न विचारता ठरवून टाकायचं, आणि ते चारशे लोक वाचतात तिथे लिहायचं, ही पद्धत मला पटलेली नाही.

एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे, ती आधी मान्य करतो. लेखात मी एका ठिकाणी क्यूआरच्या स्कॅनना 'दुकानात आलेली गिऱ्हाइकं' म्हटलं होतं. ते चुकलंच. स्कॅन म्हणजे कुणीतरी फोन रोखला, एवढंच. कितीतरी लोक सवयीने पेमेंटच्या अ‍ॅपमधूनच रोखतात आणि तिथे 'चुकीचा क्यूआर' असा संदेश बघून सोडून देतात. स्कॅन केल्यावर उघडणाऱ्या पानावर एक कोड मिळाला आणि तो काउंटरवर दाखवला, तरच ती दुकानातली भेट मोजायची. ते वाक्य आज दुरुस्त केलं आहे.

आता 'पोरगा वाट्टेल तो कोड मारतो'. मारतो. मी स्वतः मारलेला आहे. गर्दी असते, समोरच्या काकू म्हणतात, "अरे, कूपन घरीच राहिलं रे," मागे दहा माणसं उभी असतात, आणि बिलाच्या स्क्रीनवर कोडची यादी उघडली की पहिला कोड आधीच निवडलेला असतो. मुलगा एंटर दाबतो आणि पुढच्या बिलाकडे वळतो. त्यात त्याची लबाडी नसते. पण त्यावरून आकडे कचरा ठरतात असं तुम्ही म्हणता, तिथे माझा विरोध आहे. मुलगा किती वेळा मारतो हे मोजता येतं, आणि मोजलं की उरलेला आकडा वापरता येतो. हे मी कुठल्या प्रेझेंटेशनमध्ये पाहिलेलं नाही, एका दिवाळीला सांगलीतल्याच एका ओळखीच्या भांड्यांच्या दुकानात बसून केलेलं आहे. ते सविस्तरच सांगतो.

पत्रकं १२,००० छापली. ४,००० गावभाग आणि खणभागासाठी, ४,००० विश्रामबागसाठी, ४,००० मिरजेसाठी. मजकूर तोच, सवलत तीच, हजाराच्या वर खरेदीला पाच टक्के. खाली फाडून द्यायचं कूपन. फरक एकच होता. छापखान्यात बिलबुकांवर आकडे मारायला जे नंबरिंग मशीन असतं, त्यावर प्रत्येक कूपनला क्रमांक मारून घेतला. १ ते ४००० गावभाग-खणभाग, ४००१ ते ८००० विश्रामबाग, ८००१ ते १२००० मिरज. पाचशे-पाचशेचे गठ्ठे क्रमाने बांधले आणि कुठला गठ्ठा कुठल्या पेपर एजंटाकडे गेला ते लिहून ठेवलं. नंबरिंगचे जास्तीचे पैसे पडले, पण सगळा खेळ त्याच्यावरच होता. काउंटरवर कुलपाची पेटी ठेवली आणि मुलांना एवढंच सांगितलं की सवलत दिली की कागद पेटीत टाकायचा.

बारा दिवसांनी पेटी उघडली. कॉम्प्युटरवर कूपनची सवलत २१९ बिलांना दिलेली होती आणि पेटीत कागद निघाले १५३. म्हणजे ६६ वेळा कागद नसताना कोड मारला गेला. तुमचा 'पोरगा' हाच, आणि तो ६६ इतका आहे. बिलांच्या वेळा काढल्या, तर त्यातली ४१ बिलं एकाच संध्याकाळी सात ते नऊ या वेळातली निघाली, आणि सगळ्यांवर यादीतला पहिला कोड, गावभागाचा. कॉम्प्युटरच्या आकड्यावर विसंबलो असतो तर गावभाग फार जोरात चालला असंच वाटलं असतं. काही बिलांना व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला कूपनचा फोटो दाखवूनही सवलत घेतली गेली होती. एकाच क्रमांकाचा फोटो पाच जणांनी दाखवला होता, त्या मुलाला आठवत होतं. पुढच्या वर्षी यादीच काढून टाकली. कूपनचा क्रमांक आकड्यांत टाकल्याशिवाय सवलत लागत नाही, आणि एकदा वापरलेला क्रमांक पुन्हा चालत नाही. मग गर्दीत दुसरा कुठला कोड दाबायला जागाच राहत नाही.

पेटीतले कागद भागवार लावले तेव्हा खरी गोष्ट पुढे आली. गावभाग-खणभागाची ७१ कूपनं, विश्रामबागची ५८, मिरजेची फक्त २४. हजारी हिशोब केला तर अंदाजे १८, साडेचौदा आणि ६. मालक लगेच म्हणाले, मिरज बंद, पुढच्या वर्षी तिकडे एक कागद टाकायचा नाही. सहज तसं झालं असतं. पण क्रमांक लावताना दिसलं की मिरजेची चोवीसच्या चोवीस कूपनं ८००१ ते ९५०० या क्रमांकांतली होती. ९५०० च्या पुढचं एकही नाही. आठ गठ्ठ्यांपैकी पहिल्या तीन गठ्ठ्यांतूनच सगळी आली होती. तीन गठ्ठ्यांवर हिशोब केला तर हजारी १६ पडतात, म्हणजे बाकीच्या भागांइतकेच. उरलेल्या २,५०० पत्रकांतून त्याच दराने चाळीसएक कूपनं यायला हवी होती, आली शून्य. योगायोगाने असं शून्य येत नाही. मालक एजंटाकडे गेले. त्याने आधी टाळलं, मग कबूल केलं की पोरं कमी आली म्हणून पाच गठ्ठे पेपरात घातलेच गेले नाहीत, रद्दीत गेले. पैसे परत मिळाले. आणि मिरज बंद झाली नाही.

हे मी इतकं लांबवून सांगतो, कारण तुम्ही ज्या गोष्टीला कचरा म्हणालात तिने एका दुकानदाराला चुकीच्या निर्णयापासून वाचवलं. आजोबांच्या वहीत हे सापडलं नसतं. वहीत फार तर 'पत्रक' एवढं लिहिलं गेलं असतं, क्रमांक लिहिला गेला नसता.

वहीचा विषय तुम्हीच काढलात म्हणून. आमच्याकडेही विचारायचे. वडिलांनी एका वर्षी पेपरातली जाहिरात पूर्ण बंद केली होती, फक्त रिक्षांच्या मागे फलक लावले होते, तरी गिऱ्हाइकं सांगायची, "पेपरात वाचलं." खोटं बोलत नव्हती. त्यांना दुकान माहीत होतं, कुठून ते आठवत नव्हतं, आणि 'पेपरात' हे सगळ्यात सोपं उत्तर. तुमच्या आजोबांविषयी मला आदर आहे, पण माणसाच्या आठवणीवर जाहिरातीचा खर्च ठरवायचा म्हणजे अवघड आहे.

आणि 'एजन्सीवाल्यांची थेरं' हे तर मुळीच मान्य नाही. छापील कूपनवर खूण ठेवून कुठल्या जाहिरातीने माणूस आला हे मोजणं अमेरिकेत जाहिराती लिहिणारा क्लॉड हॉपकिन्स १९२३ च्या आधीपासून करत होता. वेगळ्या फोन नंबरलाही एजन्सी लागत नाही. वर सांगितलेल्या दुकानात पेपरातल्या जाहिरातीसाठी एक साधं सिम घेतलं आणि बटणांचा फोन गल्ल्याशेजारी ठेवला. बारा दिवसांत त्यावर ६३ फोन आले, पण वेगळे नंबर ४१ होते. बाकीचे त्याच माणसांचे 'उघडं आहे का', 'कुकरची रिंग आहे का' असे. त्या ४१ पैकी ११ नंबर बिलावर घेतलेल्या मोबाइल नंबरांशी जुळले. पेपरातून नक्की आलेली गिऱ्हाइकं म्हणून मी ११ च धरली. यात एकच गोष्ट सांभाळायची. लोक नंबर सेव्ह करतात. दिवाळीच्या जाहिरातीच्या नंबरवर पुढच्या जूनमध्येही फोन येत होते. म्हणून जाहिरात छापल्यापासून ठरावीक दिवसांत पहिल्यांदाच आलेला नंबर तेवढा मोजायचा, आणि ते सिम लगेच बंद करायचं नाही. बंद केलेला नंबर काही महिन्यांनी दुसऱ्याला मिळतो, आणि तुमची गिऱ्हाइकं त्या माणसाला कढईचा भाव विचारत बसतात.

एवढं करूनही सगळी गिऱ्हाइकं सापडत नाहीत, हे मी लेखातही लिहिलं होतं, पण ते तुम्ही वाचलेलं दिसत नाही. त्या बारा दिवसांत एकूण बिलं १,१४० झाली. कागदाची कूपनं १५३, फोन जुळलेले ११. बाकी कशामुळे आली ते या पद्धतीने कळत नाही, आणि ती याच प्रमाणात वाटून टाकणं ही फसवणूक आहे. कूपन फाडून आणणारा माणूस भाव बघणारा असतो, फलक बघून आलेला काही फाडत नाही. म्हणून पत्रकाची तुलना पत्रकाशीच करायची, तीही एकाच सवलतीवर.

'तसंही येणारच होतं' याविषयी इथे फार लिहीत नाही. धनत्रयोदशीला भांडं घेतात हे मला शिकवायची गरज नाही. ज्याला ते तपासायचं असेल त्याने एखादा भाग एक वर्ष पत्रकाशिवाय ठेवावा आणि बिलावर पत्ते लिहून घ्यावेत. तो वेगळा विषय आहे, आणि त्यावरून गठ्ठे रद्दीत गेले की नाही हे शोधणं चुकीचं ठरत नाही.

तुमचं दुकान कुठलं ते मला माहीत नाही. पण तुमच्याकडे मुलगा वाट्टेल तो कोड मारतो असं तुम्ही इतक्या खात्रीने लिहिलं आहे, तर येत्या सणाला काउंटरवर एक पेटी ठेवा आणि कॉम्प्युटरवरचा आकडा आणि पेटीतल्या कागदांचा आकडा, दोन्ही इथे लिहा. त्या दुकानात फरक ६६ चा होता.