शेवटची पंधरा सेकंदं

आमची शॉर्टफिल्म ज्या गावात शूट झाली तिथल्याच देवळाच्या मंडपात पडदा लावून दाखवली. फिल्म संपली, नावं वर सरकायला लागली आणि माइकचा बूम धरणाऱ्या आमच्या पोराची आई शेजारून म्हणाली, "कुठं गेलं रे ह्याचं नाव? चष्मा पुसेस्तोवर गेलं पण."

चूक माझी होती. एका स्पर्धेची मर्यादा १५ मिनिटांची, श्रेयनामावलीसकट. फिल्म भरली १४ मिनिटं ४५ सेकंद. उरलेल्या १५ सेकंदांत मी ३१ नावं कोंबली. पोस्टर मात्र तीन महिने घासत बसलो होतो!

नंतर घरी हिशेब केला. पदं-नावं धरून ४४ ओळी, ओळीला ६० पिक्सेल म्हणजे २६४० झाले. पहिली ओळ खालून यायला आणि शेवटची वरून बाहेर जायला पडद्याची उंची आणखी मिळवायची, १०८०. एकूण ३७२०. सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे १५ सेकंदांत ३६०. भागलं तर प्रत्येक फ्रेमला अक्षरं १०.३३ पिक्सेल सरकत होती. म्हणजे प्रत्येक नाव पडद्यावर जेमतेम साडेचार सेकंद, आणि तेही एका वेळी दिसणाऱ्या अठराएक ओळींच्या गर्दीत.

त्यातला तो .३३ वेगळाच त्रास देतो. पिक्सेल अर्धामुर्धा पेटत नाही, त्यामुळे अक्षराच्या कडा कधी धूसर तर कधी तीक्ष्ण दिसतात आणि अख्खी यादी थरथरते. शिरोरेषा तर आडवीच, वरखाली जाताना तीच आधी लुकलुकते. म्हणून वेग फ्रेमला ३ किंवा ४ पिक्सेल असा पूर्णांकातच हवा. चारने आमची यादी जवळपास ३९ सेकंद चालली असती, तीनने ५२. चौदा-पंधरा मिनिटांच्या फिल्मला एवढी शेपूट नको वाटते.

तर माझं मत असं झालंय: तीस-चाळीस नावांच्या फिल्मने यादी सरकवूच नये. स्थिर पाट्या कराव्यात. मोठ्या सिनेमाला सरकती यादी लागते कारण तिथे शेकडो नावं असतात. आपण ती फक्त 'सिनेमासारखं दिसावं' म्हणून उचलतो. शिवाय लोक फिल्म फोनवर बघतात, आणि नेटवर चढवताना व्हिडिओ दाबला जातो तेव्हा हलती बारीक अक्षरं सगळ्यात आधी चिखल होतात.

नवीन आवृत्तीत सात पाट्या केल्या, प्रत्येकी साडेचार सेकंद. जास्तीत जास्त सहा नावं. कसोटी साधी: पाटी मनात नाही, मोठ्याने दोनदा वाचायची. दुसऱ्यांदा वाचून व्हायच्या आत गेली तर वेळ वाढवा किंवा नाव पुढच्या पाटीवर ढकला. स्पर्धेत बसायला फिल्ममधलीच १७ सेकंदं कापली. एक सूर्यास्त गेला, कोणाला कळलंही नाही.

इंग्रजीत पद छोट्या अक्षरांत आणि नाव कॅपिटलमध्ये टाकून भागतं. देवनागरीत ती सोय नाही, म्हणून फरक जाडी आणि आकारातून करावा लागतो. आम्ही 'मुक्ता' फॉन्ट वापरला. पद बारीक, करड्या रंगात, नाव एक पायरी जाड आणि मोठं. पद उजवीकडे टेकवलेलं, नाव डावीकडून सुरू, मध्ये चिंचोळी मोकळी पट्टी. ओळींतलं अंतर इंग्रजीपेक्षा सढळ, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या रफारात घुसतो. आणि पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसली असेल, जोडाक्षरं फुटली असतील, तर फॉन्टला शिव्या देऊ नका. सॉफ्टवेअरचं टेक्स्ट इंजिन भारतीय लिप्यांसाठी बदलायचं राहिलेलं असतं.

क्रमावरून मात्र आमच्यात खरी भांडणं झाली. सुरुवातीला नुसतं शीर्षक असेल तर शेवटच्या यादीतली पहिली पाटी दिग्दर्शकाची, हा रिवाज आहे, तो घेतला. पण मी लेखन, दिग्दर्शन आणि संकलन अशा तीन पाट्यांवर तीनदा झळकत होतो. ते एका पाटीत आणलं. (जीवावर आलं होतं, खोटं कशाला बोलू.) कलाकार पडद्यावर येतील त्या क्रमाने, म्हणजे शेळी हाकणारी पोरगी दुसरी आली आणि प्रमुख नट चौथा. तो दोन दिवस बोलला नाही. तंत्रज्ञ विभागवार, प्रमुखाखाली सहायक.

'विशेष आभार' ही पाटी सगळ्यात लबाड. ज्याने घर, गाडी, जनरेटर दिला तो तिथे शोभतो. ज्याने चार दिवस उन्हात रिफ्लेक्टर धरला त्याने काम केलंय, त्याला पद द्या. आमच्या पहिल्या यादीत असे पाच जण आभारात होते, आणि निर्मात्याचे मेहुणे 'सहनिर्माता'.

यादी प्रत्येकाला व्हॉट्सअॅपवर पाठवून 'नाव बरोबर' असं लेखी घेतलं. अकरा दुरुस्त्या आल्या. एक 'कुलकर्णी' निघाले 'कुळकर्णी'. चहावाल्या मामांचं खरं नाव तेव्हा कळलं, यादीत नुसतं 'मामा' होतं.

एवढं करून यूट्यूबवर टाकली, आणि 'पुढचा व्हिडिओ बघा'चे चौकोन नेमके शेवटच्या पाट्यांवर! ते शेवटच्या ५ ते २० सेकंदांत येतात. आता नेटच्या प्रतीला मागे २० सेकंदांचा काळा पडदा जोडलाय, नुसत्या रातकिड्यांच्या आवाजाचा. आवाज त्या बूमवाल्या पोरानेच रेकॉर्ड केलेला.