एकोणसाठ गुण, तरीही अनुत्तीर्ण

“मामा, मला अंतर्गतमध्ये ४० पैकी ३८ आणि लेखीत ६० पैकी २१ मिळाले. बेरीज ५९ होते, तरी मी नापास. माझ्या मैत्रिणीला १६ आणि २४ मिळून फक्त ४० झाले आणि ती पास. हा कुठला न्याय?”

भाचीने रत्नागिरीहून हे विचारले, तेव्हा तिचे वडील शेजारीच होते. त्यांच्या मते बेरजेतच काहीतरी चूक झाली असणार आणि पुनर्मूल्यांकनाचा अर्ज आधी भरला पाहिजे. बेरीज बरोबर आहे. मुंबई विद्यापीठाच्या नव्या आराखड्यात चार श्रेयांकांच्या पेपरला ६० गुण सत्रान्त लेखी परीक्षेचे आणि ४० गुण अंतर्गत मूल्यमापनाचे असतात, आणि दोन्हींत स्वतंत्रपणे ४० टक्के, म्हणजे २४ आणि १६ गुण, मिळवावे लागतात. तिला लेखीत तीन गुण कमी पडले.

ही अट अन्यायाची वाटते, पण ती काढून टाकली तर काय होते ते आकड्यांत पाहावे. पूर्वी ७५:२५ अशी विभागणी होती. तेव्हा अंतर्गतमध्ये पैकीच्या पैकी मिळाले तरी चाळिशी गाठायला लेखीत १५ गुण लागलेच असते. आता अंतर्गतचे ४० आणि उत्तीर्णतेचेही ४०, म्हणजे स्वतंत्र किमान नसेल तर लेखी परीक्षेत शून्य मिळवणाराही उत्तीर्ण होऊ शकेल, आणि भाचीला ३८ गुणांच्या जोरावर लेखीत दोनच गुण पुरले असते. अंतर्गतचे वजन वाढवल्यामुळेच स्वतंत्र किमानाची गरज वाढली आहे, हे आपल्याकडच्या चर्चेत क्वचितच कोणी बोलते.

मी जर्मनीत एका विद्यापीठात गणिताचे सराववर्ग घेतो. इथल्या बऱ्याच विषयांत घरी सोडवलेल्या सरावपत्रिकांचे गुण अंतिम श्रेणीत धरलेच जात नाहीत. साधारण निम्मे गुण मिळवले की परीक्षेला बसण्याचा हक्क मिळतो, एवढेच. जिथे अधिकचे गुण दिले जातात तिथेही ते सहसा परीक्षा स्वबळावर उत्तीर्ण झाल्यावरच जोडतात. त्यामुळे वर्गातले काम नापासाला वाचवू शकत नाही. मात्र त्याची किंमतही मी दर सत्राला पाहतो: चौदा आठवडे नेटाने काम केलेल्या मुलाची श्रेणी एका सकाळच्या दोन तासांवर ठरते. म्हणून मला आपली ६०:४० ची मांडणी अधिक माणुसकीची वाटते, पण स्वतंत्र किमानासकटच.

रत्नागिरीतल्या माझ्या जुन्या प्राध्यापकांना हे कळवले तेव्हा त्यांनी माझी चूक दाखवली. अंतर्गत गुण ओळखीचा शिक्षक देतो आणि लेखीचे गुण परका परीक्षक, म्हणून दोन स्वतंत्र अटी, असे मी लिहिले होते. ते म्हणाले की पहिल्या दोन वर्षांच्या लेखी परीक्षाही बहुतांशी महाविद्यालयेच घेतात, तेव्हा परका परीक्षक हे कारण तिथे पुरते लागू होत नाही. फरक आहे तो कामाच्या स्वरूपाचा. प्रकल्प आणि सादरीकरण वेळ घेऊन, मदत घेऊन होते. लेखीत एकट्याने आठवून मांडावे लागते. त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, जी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. सगळ्या वर्गाला अंतर्गतमध्ये ३४ ते ३८ मिळत असतील, तर कागदावर ४० टक्के वजन असलेला हा भाग मुलामुलांत केवळ चार गुणांचा फरक करतो आणि क्रम लेखीच ठरवते. गुणपत्रकांत अंतर्गतचा स्तंभ एकसारखा दिसला की हे ओळखावे.

उलट बाजूही आहे. जुलैत पऱ्ह्याला पाणी येऊन राजापूरकडची एस. टी. बंद झाली की चाचणी चुकते, आणि लेखीत ४५ मिळवणारा मुलगा अंतर्गतच्या १४ वर अडकतो. त्याचीही बेरीज ५९. अशा मुलाला कारण नोंदवून वेळेत फेरचाचणी मिळाली नाही, तर ही अट खरोखरच जाचक ठरते.

किमान नेमके किती असावे, यावर आमचे एकमत झाले नाही. ब्रिटनमधील काही विद्यापीठांत एकूण ४० टक्के लागतात, पण प्रत्येक भागात ३० किंवा ३५ चालतात. ६० चे ३५ टक्के बरोबर २१ होतात. त्या हिशेबाने भाची उत्तीर्ण झाली असती. मला तो मार्ग पटतो. प्राध्यापकांना तो पटत नाही, कारण ९५ टक्के आणि ३५ टक्के यांतली दरी हीच त्यांच्या दृष्टीने तपासण्यासारखी गोष्ट आहे.

भाचीचे ३८ गुण कायम राहतील आणि तिला फक्त लेखी पुन्हा द्यावी लागेल. मी तिला पुनर्मूल्यांकनाआधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवायला सांगितले. पंधरा गुणांचा शेवटचा प्रश्न वेळ न उरल्याने तिने सोडलाच होता, म्हणजे २१ गुण तिने ४५ पैकी मिळवले होते.