क्यूआर पुरेसा का पडला नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया: "संस्थेच्या वेबसाइटवरचं देणगीचं पान आणि स्वयंसेवकांचा फॉर्म यावरचा तुमचा लेख वाचला. छोट्या संस्थेसाठी एवढा खटाटोप कशाला? क्यूआर छापून फ्लेक्सवर लावला की पैसे थेट खात्यात, कुणाचा कट नाही. तुम्ही देणाऱ्याला पॅन विचारता, पत्ता विचारता, मध्ये गेटवे घालून दोन टक्के घालवता. पैसा लोकांचा आहे. आणि व्हॉट्सअॅप ग्रुप असताना स्वयंसेवकांसाठी फॉर्म कशाला? – एक सोलापूरकर"

दादा, क्यूआरवर आमच्या संस्थेनेही एक अख्खं वर्ष काढलं. सिव्हिलमध्ये दाखल झालेल्या पेशंटच्या नातेवाइकांना दोन वेळचं जेवण द्यायचं, एवढंच आमचं काम. गड्ड्याच्या यात्रेत क्यूआरचा फ्लेक्स लावला आणि पैसे छान आले. अडचण समोर आली ती मे महिन्यात.

देणगी दिल्यावर आयकरात ८०जी कलमाखाली सवलत मिळते, त्यासाठी संस्थेने छापलेली पावती आता पुरत नाही. २०२१-२२ पासून संस्थेला आयकर पोर्टलवर १०बीडी हे विवरण भरावं लागतं. त्यात प्रत्येक देणगीदाराचं नाव, पत्ता, ओळख क्रमांक, रक्कम आणि पैसे कसे आले हे लिहायचं. ते भरल्यावर पोर्टलवरूनच १०बीई प्रमाणपत्र निघतं आणि देणगीदाराला तेच लागतं. २०२४-२५ च्या देणग्यांसाठी मुदत ३१ मे २०२५ होती. उशीर झाला तर रोजचे २०० रुपये.

आमच्या खजिनदार काकू पासबुकाची प्रिंट घेऊन पट्टी लावून बसल्या होत्या. प्रत्येक ओळीत बारा आकडी क्रमांक आणि त्यापुढे अर्धवट तुटलेलं नाव. एका ओळीत ५,००० रुपये होते. दोन दिवस फोनाफोनी करून कळलं की पैसे पूर्व भागातल्या एका आजींनी नवऱ्याच्या वर्षश्राद्धानिमित्त दिले होते. फोन नातवाचा, खातं सुनेचं आणि पावती हवी होती आजींच्या नावावर. पैसे कुणाच्या खात्यातून आले एवढंच क्यूआरवरून कळतं, देणगी कुणाची हे कळत नाही. त्या आजी सापडल्या. बरेच जण सापडलेच नाहीत आणि त्यांना आम्ही प्रमाणपत्र देऊ शकलो नाही. देणगीचं पान बनवलं ते या मे महिन्यामुळे.

पॅनच्या बाबतीत मात्र तुमचं बरोबर आहे, चूक माझी होती. पहिल्या पानावर मी पॅन सक्तीचा ठेवला होता. १०१ रुपये द्यायला आलेला माणूस पॅनचा रकाना बघून परत जायचा. तुमची प्रतिक्रिया वाचून त्याच आठवड्यात पान बदललं. आता नाव, मोबाईल आणि रक्कम एवढंच सगळ्यांना विचारतो. त्याखाली एक प्रश्न आहे: "८०जी प्रमाणपत्र हवं आहे का?" "हो" केलं तरच पॅन आणि पत्त्याचे रकाने उघडतात. नव्या कररचनेत ही सवलत मिळतच नाही, त्यामुळे बऱ्याच जणांना प्रमाणपत्र लागतही नाही. आणखी एक रकाना वाढवला, "पावती कुणाच्या नावाने?" हा त्या आजींमुळे.

आता दोन टक्क्यांचं. गेटवे म्हणजे पानावरून देणगीदाराचे पैसे घेऊन आमच्या खात्यात जमा करणारी कंपनी. आमचा गेटवे २ टक्के घेतो आणि त्या २ टक्क्यांवर १८ टक्के जीएसटी. म्हणजे १,००० रुपयांमागे २३ रुपये ६० पैसे जातात आणि खात्यात ९७६ रुपये ४० पैसे येतात. हे पैसे जातात याचं मलाही वाईट वाटतं. पण त्या बदल्यात प्रत्येक रकमेला नाव चिकटून येतं आणि पावती आपोआप जाते. सुरुवातीला काकू खात्यात आलेल्या आकड्याचीच पावती करायच्या, ९७६.४० ची. ते चूक. देणाऱ्याने १,००० दिले, पावती १,००० चीच हवी. २३.६० हा संस्थेचा खर्च म्हणून वहीत वेगळा लिहायचा. त्यात गेटवे दिवसभराच्या देणग्या एकत्र करून एकच रक्कम जमा करतो, त्यामुळे पासबुकावरून पावत्या करायच्या म्हटल्या तरी हिशोब जुळत नाही. पावती गेटवेच्या यादीवरून करायची आणि पासबुक फक्त ताळ्यासाठी वापरायचं.

पान बनवणाऱ्यांच्या हातून हमखास होणारी एक चूक मीही केली, ती सविस्तर सांगतो. पैसे भरल्यावर "धन्यवाद"चं पान उघडतं, तिथूनच पावतीचा ईमेल जाईल अशी मी सोय केली होती. स्वतः लॅपटॉपवर कार्ड वापरून तपासलं, सगळं नीट चाललं. प्रत्यक्षात लोक फोनवरून देतात. पान युपीआयच्या अॅपवर नेतं, माणूस पिन टाकतो, हिरवी खूण दिसते आणि तो फोन खिशात ठेवतो. ब्राउझरकडे परत येतो कोण? "धन्यवाद"चं पान उघडतच नाही, पावती जात नाही. एका गृहस्थांना वाटलं पैसे गेलेच नाहीत, म्हणून त्यांनी पुन्हा भरले. मग दुसरी रक्कम परत करावी लागली.

यावर उपाय म्हणजे वेबहुक. पैसे जमा झाले की गेटवेचा सर्व्हर आपल्या सर्व्हरला परस्पर कळवतो, देणगीदाराचा फोन चालू असो की बंद. आमच्याकडे `payment.captured` असा संदेश येतो आणि पावती त्यावरून निघते. इथे दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. संदेशासोबत येणारी सही तपासायची, नाहीतर कुणीही खोटा संदेश पाठवून पावती काढेल. आणि तोच संदेश कधी कधी दोनदा येतो, म्हणून त्या व्यवहाराचा क्रमांक आधी नोंदलेला आहे का ते बघूनच पावती करायची. रक्कम पैशांत येते, `50000` म्हणजे ५०० रुपये. पहिल्या चाचणीत मी हे विसरलो आणि ५०० च्या जागी पन्नास हजारांची पावती छापून आली. चाचणीच होती म्हणून निभावलं.

स्वयंसेवकांच्या ग्रुपबद्दल. ग्रुपवर "उद्या कोण येतंय?" विचारलं की रविवारी पंचवीस जण यायचे आणि मंगळवारी संध्याकाळी दोघं. शिवाय ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो. दोन मुली त्यामुळेच बाहेर पडल्या. आता फॉर्ममध्ये नाव, मोबाईल, कोणता वार, सकाळ की संध्याकाळ, आणि भाषा विचारतो. भाषा अशासाठी की सिव्हिलला विजयपूर, कलबुर्गीकडचे पेशंट येतात. वाढताना एक जण तरी कन्नड बोलणारा असला की "आणखी भात हवा का" एवढं विचारता येतं. आधी "तुमची कौशल्ये" असा मोठा रकाना होता, त्यात सगळे "काहीही काम सांगा" लिहायचे, तो काढून टाकला. वय १८ च्या आत असेल तर पालकांचा नंबर मागतो आणि आधी त्यांच्याशी बोलतो. फॉर्म आला की दोन दिवसांत फोन करायचा हे मात्र पाळावंच लागतं. आठवडा गेला की माणूस फोन उचलत नाही.

फ्लेक्सवरचा क्यूआर आम्ही अजून काढलेला नाही, तोही चालू आहे. तुम्हाला फक्त क्यूआरच ठेवायचा असेल तर त्याच्याखाली एका साध्या फॉर्मची लिंक छापा. त्यात पावतीसाठीचं नाव, मोबाईल, रक्कम आणि युपीआयचा बारा आकडी क्रमांक विचारा. प्रमाणपत्र हवं असणाऱ्यांकडून पॅन आणि पत्ताही तिथेच घ्या. तो बारा आकडी क्रमांक पासबुकातही असतो, त्यावरून नाव जुळतं. दोन टक्के वाचतील. जुळवणी मात्र हाताने करावी लागेल, आणि ती दर शनिवारी करा, मे महिन्यावर ठेवू नका.