पीओला प्रश्न असा विचारा की त्याला तो कळताच कामा नये

टेस्टिंग सुरू व्हायच्या आधी रिक्वायरमेंट नीट कळली नाही तर प्रॉडक्ट ओनरला, म्हणजे पीओला, मेसेज टाकायचा असतो, असं कोणीतरी नव्या पोरांच्या डोक्यात भरवून ठेवलंय. मी इंदूरमध्ये बरीच वर्षं टेस्टिंग करतोय, माझं ऐका. टाकायचाच असेल तर शुक्रवारी संध्याकाळी पावणेसातला टाका, विजयनगरच्या सिग्नलला पीओची गाडी अडकलेली असते तेव्हा, आणि लिहायचं इतकंच, "सर, फ्री डिलिव्हरीची स्टोरी क्लिअर नाहीये, प्लीज क्लॅरिफाय." काय क्लिअर नाही ते अजिबात सांगू नका. त्याने ओळखायचं, पीओ आहे ना तो.

उदाहरण घेऊ. एका क्लायंटच्या अॅपवर मिठाई विकायची होती आणि स्टोरीत ओळ होती, "५०० रुपयांच्या वरच्या ऑर्डरला डिलिव्हरी फ्री." किती सुंदर ओळ आहे, आजीलाही कळेल. मलाही कळली. मी ४५० ची ऑर्डर टाकली, ४० रुपये डिलिव्हरी लागली, पास. ७०० ची टाकली, फ्री, पास. आणि मग भिया, पोहे-जलेबी खायला निघून गेलो.

ठीक ५०० वर काय होतं हे मी बघितलं नाही, कारण बघायचं तर एक्सेल शीटच्या "अपेक्षित रिझल्ट"च्या खान्यात काहीतरी लिहावं लागतं, आणि तिथे काय लिहायचं हेच मला माहीत नव्हतं. आता नव्या पोरांना ही खूण वाटते, म्हणे तो खाना भरता येत नसेल तर तिथेच प्रश्न आहे असं समजावं. खुळेपणा आहे. तो खाना "नीट चालायला पाहिजे" असं लिहूनही भरतो, मी कितीतरी भरलेत.

दिवाळीत क्लायंटने गिफ्ट बॉक्स काढला आणि त्याची किंमत ठेवली, ओळखा पाहू, बरोब्बर ५००. अॅपच्या बॅनरवर होतं "५०० पासून फ्री डिलिव्हरी" आणि कोडमध्ये हे होतं.

```
if (cartTotal > 500) deliveryFee = 0;
```

बॉक्स घेणाऱ्या प्रत्येकाला ४० रुपये लागले. मग मीटिंग. डेव्ह म्हणाला स्टोरीत "वर" लिहिलंय, ५०० हे ५०० च्या वर कसे? मार्केटिंगवाले म्हणाले बॅनर वाचता येत नाही का. पीओ म्हणाला हे तर कॉमन सेन्स आहे. सगळे बरोबर होते, हेच तर त्या ओळीचं सौंदर्य, आणि शेवटी सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. तो बग तीनदा बंद झाला आणि तीनदा उघडला, बग मोजणारा तक्ता काय छान भरला होता! एका = या चिन्हापायी किती लोकांना काम मिळालं ते बघा.

आता हे सगळं वाया कसं घालवायचं, तेही सांगतो. यंदा तोच नियम दुसऱ्या क्लायंटकडे आला, नमकीनवाला (ही ओळ गावात साथीसारखी फिरते), आणि ती स्टोरी आली ग्वाल्हेरहून आलेल्या आमच्या एका नव्या पोरीकडे. तिने बिल्ड यायच्या दोन दिवस आधी, मंगळवारी सकाळी, पीओला हा मेसेज टाकला. वाईट नमुना म्हणून जसाच्या तसा देतोय.

"दादा, फ्री डिलिव्हरीच्या स्टोरीत तीन जागी अडलेय, गुरुवारी टेस्टिंग सुरू करायचंय. एक, कार्ट ठीक ५०० असेल तर फ्री की ४० लागतील? स्टोरीत 'वर' आहे, बॅनरच्या डिझाइनमध्ये 'पासून'. दोन, ५४० च्या कार्टवर १० टक्क्यांचं कूपन लावलं की ४८६ उरतात, ५०० ची अट ५४० ला लावायची की ४८६ ला? तीन, ५६० ची ऑर्डर झाली, पैसे भरून झाले, मग १२० चं शेवेचं पाकीट संपलंय म्हणून आपणच ते काढलं, उरले ४४०, तर आता डिलिव्हरीचे ४० कापायचे का? माझी समजूत अशी की ५०० ला फ्री, कूपन वजा जाऊन उरलेली रक्कम धरायची, आणि पाकीट आपण काढलं तर काही कापायचं नाही. बुधवारी दुपारपर्यंत उत्तर नाही आलं तर पहिले दोन ह्याच समजुतीने टेस्ट करते, तिसरा थांबवते, कारण त्यात भरलेल्या पैशांतून कापायचा मामला आहे. उत्तर स्टोरीच्या खालीच लिहाल का, म्हणजे डेव्हलाही दिसेल."

बघा, किती चुका. प्रत्येक प्रश्नात आकडा घातला, त्यामुळे पीओला "बघून सांगतो" म्हणायची सोयच राहिली नाही. दोन्ही पर्याय समोर ठेवले, म्हणजे त्याला नुसतं एकावर बोट ठेवायचं. स्वतःची समजूत लिहिली, ती चुकली तर अब्रू जाते हे तिला कोणी सांगितलं नाही. किमतीत जीएसटी धरलाय का हे मात्र विचारलंच नाही, कारण पाकिटावरच्या एमआरपीत सगळे कर आलेलेच असतात. हा प्रश्न मी नक्की घातला असता, अजून सात-आठही घातले असते, म्हणजे कामाचे तीन त्यात छान हरवले असते.

आणि परिणाम? पीओने नऊ मिनिटांत उत्तर दिलं. तेही स्टँडअपमध्ये बसून, मोबाइलवरून. "एक, हो, ५०० ला फ्री. दोन, नाही, कूपनच्या आधीची रक्कम धरायची, ५४० ला फ्री, मार्केटिंगशी तसंच ठरलंय. तीन, ह्याचा विचारच नव्हता केला, अकाउंट्सला विचारून उद्या सांगतो."

म्हणजे तिची दुसरी समजूत चुकली! लिहिली नसती तर चुकलेली कोणाला कळलीही नसती, ४८६ ला ४० रुपये लागताहेत म्हणून तिने मस्त पास मारलं असतं आणि कूपनवाल्यांनीच फोन करून कळवलं असतं. आता डेव्हने बुधवारीच > चं >= केलं आणि रक्कम कूपनच्या आधीची घेतली. त्याच दिवशी अकाउंट्सकडून आलं की आपण वस्तू काढली तर डिलिव्हरीचा चार्ज नंतर लावायचा नाही, पण गिऱ्हाइकाने स्वतः काढली तर काय ते अजून ठरलेलं नाही, म्हणून ती केस तिने "थांबलेली" असं लिहून बाजूला ठेवली. बाजूला! नापास नाही, पास नाही, अशा केसने तक्ता किती ओंगळ दिसतो.

गुरुवारी तिने ४९९, ५०० आणि ५०१ टाकून बघितलं, मग ५४० कूपन लावून, आणि दुपारच्या जेवणाआधी संपलं. बग शून्य. ट्रायाजची मीटिंग रद्द, आणि त्या मीटिंगला येणारी कचोरी, ज्यावर सहा माणसांचा हक्क होता, तीही रद्द.

तर असं वागू नका. मला कालच नवी स्टोरी मिळालीय, "ऑर्डर एका दिवसात कॅन्सल केल्यास पूर्ण पैसे परत." एक दिवस म्हणजे २४ तास की रात्री बारापर्यंत, आणि रात्री पावणेबाराला केलेल्या ऑर्डरचं काय, असं माझ्याही मनात आलं होतं क्षणभर. पण मी शुक्रवार संध्याकाळपर्यंत थांबलो आणि लिहिलं, "सर, कॅन्सलेशन प्लीज क्लॅरिफाय." त्यांचा लगेच अंगठा आला 👍. आता सराफ्यात भुट्ट्याचा कीस खायला चाललोय, टेस्टिंग सोमवारपासून.