रेषा खाली आली म्हणजे प्रेक्षक गेलेच असे नाही
"यूट्यूबवर प्रेक्षक किती टिकतात हे दाखवणारा आलेख जिथे खाली येतो तिथे प्रेक्षक व्हिडिओ सोडतात, तो भाग पुढच्या वेळी काढून टाकावा."

हे अर्धेच खरे आहे. यूट्यूबच्या या आलेखात एकूण व्ह्यूजच्या तुलनेत तो क्षण किती टक्के वेळा पाहिला गेला हे दिसते, आणि मागे जाऊन पुन्हा पाहणेही त्यात धरले जाते. म्हणून खाली आलेली रेषा पुन्हा वर चढली, तर प्रेक्षक तो भाग ओलांडून पुढे आलेले असतात. माझ्या पुरणपोळीच्या व्हिडिओत डाळ शिजताना रेषा ६८ वरून ५१ टक्क्यांवर आली आणि पुरण वाटायला घेताच ६५ वर गेली. तिथे ४० सेकंदांचे वर्णन १० सेकंदांवर आणणे पुरेसे आहे. "आता तुम्हीही करून पाहा" म्हणताच मात्र रेषा कोसळली ती वर आलीच नाही. तिथे लोक खरोखर गेले, आणि ते वाक्य पुढच्या व्हिडिओत मी पोळी ताटात वाढल्यानंतरच म्हणणार आहे.